पुतणीच्या हॉलतिकिटावरच्या सूचना मराठीत करून पाठवायच्या आहेत, मसुदा तपासून द्याल का?

वळणवाट

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्या चुलतभावाची मुलगी गावी असते. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर तालुक्याच्या कॉलेजातून बीए. केंद्राच्या एका भरतीची कॉम्प्युटरवरची परीक्षा देते आहे. हॉलतिकीट आलं आणि त्यासोबत सूचनांचा एक लांबलचक इंग्रजी मेसेज. तिने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "काका, यात नेमकं काय काय न्यायचं नाही आणि कधी जायचं, एवढं मराठीत सांगा."

मेसेजात तीन वेळा आहेत. रिपोर्टिंग टाइम ११:१५ एएम, गेट क्लोजर १२:१५ पीएम आणि एक्झाम १२:४५ पीएम. पेपर ९० मिनिटांचा. मग बंदी असलेल्या वस्तूंची यादी, ओळखपत्राबद्दल एक ओळ, स्वयंघोषणेबद्दल एक ओळ आणि शेवटी किरकोळ सूचना. किरकोळ मी गाळल्या आहेत, उगाच गोंधळ नको म्हणून.

माझा मसुदा असा:

"उमेदवाराने सकाळी ११:१५ वाजता अहवाल द्यावा. प्रवेशद्वार १२:१५ वाजता बंद होईल. परीक्षा १२:४५ वाजता सुरू होईल. उमेदवारांना सल्ला देण्यात येतो की त्यांनी भ्रमणध्वनी, कानातले, चष्मे, पाकीट, मनगटी घड्याळ, धातूच्या वस्तू, लेखनसाहित्य परीक्षास्थळी आणू नये, कारण त्यांच्या सुरक्षिततेची हमी देता येणार नाही. वैध छायाचित्र ओळखपत्र मूळ स्वरूपात सादर करावे. स्वयंघोषणेचा परिच्छेद स्वहस्ताक्षरात लिहून पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत स्वाक्षरी करावी व डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा."

पाठवण्याआधी म्हटलं इथे दाखवावं. काही चुकलंय का?

तिखटजाळ

अहवाल द्यावा?? कसला अहवाल? पोरगी चौकशी समितीवर आहे का?

वळणवाट

हसू नका हो. रिपोर्टिंगला दुसरं काय म्हणणार? 'उपस्थिती नोंदवावी' करू का?

शब्दवेल्हाळ

'उपस्थिती नोंदवावी' हे उत्तम आहे. त्याचबरोबर हॉलतिकीट न म्हणता प्रवेशपत्र म्हणावे, आणि भ्रमणध्वनी हा शब्द आपण ठेवलात त्याबद्दल अभिनंदन. मराठी शब्द आपणच वापरले नाहीत तर कोण वापरणार?

मधलं_बाकडं

प्रवेशपत्र ठीक आहे, आमच्याकडच्या परीक्षांमध्ये तोच शब्द छापून येतो, मुलांना माहीत असतो. पण भ्रमणध्वनी गावात कुणी म्हणत नाही. मोबाइल लिहा. मी गेल्या दोन वर्षांत अशा चार परीक्षा दिल्यात. गेटवरचा माणूस ओरडतो तो "मोबाइल बाहेर ठेवा" असंच.

जुना खडू

बरीच वर्षं शाळेत होतो, परीक्षेच्या दिवशी गेटवर आणि वर्गात दोन्हीकडे उभा राहिलोय. मसुदा व्याकरणाला शुद्ध आहे. पण मुलगी तो वाचून कामाला लागेल तेव्हा चार ठिकाणी तिची फसगत होईल. एकेक सांगतो, घाई नाही.

पहिलं वेळेचं. 'अहवाल' तर काढाच, पण 'उपस्थिती नोंदवावी'सुद्धा पुरेसं नाही. ते वाचून वाटतं की सव्वाअकराला कुठेतरी सही करायची आहे. इथे अर्थ एवढाच की सव्वाअकरापासून आत घ्यायला सुरुवात होते, तेव्हा तोपर्यंत केंद्रावर पोहोचलेलं असा. तिथून गेट बंद होईपर्यंतच्या तासात झडती, ओळखपत्राची तपासणी, बोटांचे ठसे, फोटो हे सगळं रांगेने चालतं. म्हणून 'केंद्रावर पोहोचायची वेळ' असं सरळ लिहा.

आणि तिन्ही वेळा एका सुरात लिहू नका. घरी काय होतं सांगतो. मुलगी बापाला सांगते, "पेपर पाऊण वाजता आहे." बाप एसटीचा हिशोब पाऊणचा करतो. साडेबाराला पोहोचलो म्हणजे पंधरा मिनिटं आधीच आलो असं त्याला वाटतं, आणि गेट पंधरा मिनिटांपूर्वी बंद झालेलं असतं. मी गेटच्या आतून अशी माणसं पाहिली आहेत. हात जोडतात. उघडता येत नाही. तेव्हा मराठीत गेट बंद होण्याची वेळ सगळ्यात वर आणि ठळक यायला हवी, इंग्रजीत ती मधे असली तरी.

सुगरण_आई

अगदी खरं आहे मास्तर. माझ्या मुलाने नीट दिली तेव्हा पेपर २ वाजता होता आणि गेट १:३० ला बंद. आम्ही साडेअकरालाच जाऊन बसलो होतो.

वळणवाट, एक राहिलंय तुमच्या यादीत. बूट अजिबात चालत नाहीत, चप्पल किंवा कमी टाचेची सँडल. आणि हाफ बाह्यांचे साधे कपडे, मोठी बटणं नकोत. हे नक्की लिहा, मुलीला ऐनवेळी त्रास नको. फोटो घरीच चिकटवायचा आणि अंगठाही घरीच उठवून न्यायचा, तिथे फक्त सही.

मधलं_बाकडं

ताई, ते नीटचं झालं. वळणवाटांच्या पुतणीची परीक्षा वेगळी आहे. मी ज्या भरतीच्या परीक्षा दिल्या तिथे बूट घालून गेलोय, कुणी अडवलं नाही. प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं. तिच्या मेसेजात बूट आहेत का?

वळणवाट

बुटांचं काही नाही त्यात. बेल्ट आहे.

सुगरण_आई

बरं मग राहू दे. पण चप्पल घालून गेली तर काय बिघडतंय? सुरक्षित तरी.

जुना खडू

चप्पल घालून जाण्याला कोण नाही म्हणतंय. पण मेसेजात नसलेला नियम भाषांतरात नियम म्हणून घालू नये. तिच्या मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटमध्ये बूट नसतील, हिच्या मराठीत असतील, की मग काकाच्या कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा हा प्रश्न येतो. वेगळी टीप म्हणून खाली लिहा, 'काकाचं म्हणणं' अशा नावाने.

आणि अंगठ्याचं जे ताईंनी सांगितलं ते इथे उलटं असण्याची शक्यता आहे. वळणवाट, स्वयंघोषणेची इंग्रजी ओळ नीट वाचून सांगा. पर्यवेक्षकासमोर काय काय करायचं म्हटलंय? फक्त सही, की सगळंच?

गोठ्यावरून

हॉलतिकीट डाऊनलोड होत नसेल तर पासवर्डच्या जागी जन्मतारीख टाका, मधे आडव्या रेघा देऊन बघा. आमच्या पोराचं तसंच झालं होतं. नाहीतर गावातल्या सेवा केंद्रात जा.

तिखटजाळ

गोठ्यावरून भाऊ, तिकीट निघालंय. भाषांतर अडलंय.

गोठ्यावरून

अच्छा अच्छा. मग चालू द्या. प्रिंट मात्र दोन काढून ठेवा, एक भिजली तर दुसरी.

वळणवाट

मास्तर, वाचलं. ओळीचा मतलब असा आहे की स्वयंघोषणेचा परिच्छेद, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा यांच्या जागा कोऱ्या ठेवून यायचं, आणि हे तिन्ही परीक्षा हॉलमध्ये पर्यवेक्षकासमोर भरायचं. म्हणजे मी 'परिच्छेद लिहून पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत स्वाक्षरी' लिहिलं तिथे...

जुना खडू

तिथे परिच्छेद घरी लिहिला गेला असता. 'लिहून' या एका शब्दाने लिहिणं आधी आणि सही नंतर अशी पायरी पाडली. मुलगी शहाणी असेल तर आदल्या रात्री सुंदर अक्षरात परिच्छेद उतरवून ठेवेल. मग हॉलमध्ये समोर लिहायला जागाच नाही. हे अक्षर जुळवून बघण्यासाठी असतं, म्हणून समोर लिहायला लावतात. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीला तोच मजकूर पुन्हा लिहून घेतला, तर माणूस तोच आहे का ते कळतं.

मराठीत ते नकाराने सांगा: "घरी या तीन चौकटींत काहीही लिहू नकोस." आणि मग: "हॉलमध्ये सर किंवा मॅडम सांगतील तेव्हा त्यांच्यासमोर लिही, सही कर, अंगठा दे." इंग्रजीत एक वाक्य आहे म्हणून मराठीतही एकच असायला हवं असं काही नाही.

शब्दवेल्हाळ

तत्त्वतः मान्य. तरी शासकीय सूचनेला 'लिही', 'दे' अशी एकेरी भाषा शोभत नाही. 'उमेदवाराने लिहावे' असेच हवे.

तिखटजाळ

काका पुतणीला सांगतोय. "उमेदवाराने जेवून घ्यावे" असं म्हणतात का तुमच्या घरी?

शब्दवेल्हाळ

आपला उपरोध कळला. परंतु हा मजकूर ती पुढे मैत्रिणींना पाठवणार. तेव्हा काय?

वळणवाट

हा मुद्दा आहे खरा. ती पाठवणारच, गावातल्या तिघी एकाच केंद्रावर आहेत.

मधलं_बाकडं

मग एकेरीही नको, 'उमेदवाराने'ही नको. 'घरी काही लिहायचं नाही', 'मोबाइल न्यायचा नाही' असं लिहा. कुणालाही चालतं. परीक्षेत आम्ही एकमेकांना असंच सांगतो.

जुना खडू

छान सुचवलंत. तसंच करा.

आता दुसरी फसगत, यादी. इथे तुमचे तीन शब्द अंगाशी येतील. 'कानातले' तुम्ही इअरफोनसाठी लिहिलंय ना?

वळणवाट

हो. इअरफोन म्हणजे कानातलेच ना.

सुगरण_आई

अहो, कानातले म्हणजे डूल, रिंगा! मुलगी इअरफोन बॅगेत ठेवेल आणि कानातली बाळी काढून जाईल.

वळणवाट

अरे देवा. हे लक्षातच आलं नाही.

जुना खडू

गंमत म्हणजे दागिने धातूच्या वस्तूंत येतातच, त्यामुळे बाळी काढणं चुकीचं नाही. पण इअरफोनची बंदी तिच्यापर्यंत पोहोचलीच नसती. 'इअरफोन' आणि 'ब्लूटूथ' असंच लिहा, दोन्ही शब्द गावात रुळलेत.

दुसरा शब्द 'चष्मे'. मूळात गॉगल असणार.

वळणवाट

गॉगल्सच आहे. मुलगी नंबरचा चष्मा लावते हो! मी काय लिहून बसलो होतो.

जुना खडू

म्हणून 'काळा गॉगल' लिहा. पुढे काही जोडायची गरज नाही. तरी ती घाबरेल असं वाटलं तर तुमच्या टिपेत 'नंबरचा चष्मा यादीत नाही' एवढं म्हणा. 'चालतो' म्हणू नका, मेसेजात तसं लिहिलेलं नसेल तर. यादीत नाही हे मात्र तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

तिसरा 'पाकीट'. आमच्या शाळेत पाकीट म्हटलं की निम्मी मुलं लखोटा समजायची. प्रवेशपत्र आणि फोटो ठेवायला ती लखोटाच घेऊन जाणार, आणि 'पाकीट नको' वाचून तोच घरी ठेवेल. 'पैशाचं पाकीट' लिहा, संपलं.

तिखटजाळ

यादीत पेजर आहे का हो? सगळ्या परीक्षांच्या यादीत असतो. या मुलांच्या जन्माआधीच तो गेला, पण यादीतून हटत नाही.

वळणवाट

आहे! मी वगळला. पेजर म्हणजे काय हे तिला सांगायचं तर वेगळा निबंध लिहावा लागेल.

शब्दवेल्हाळ

भाषांतरकाराला वगळण्याचा अधिकार नाही. मूळात आहे ते यायलाच हवे.

मधलं_बाकडं

मला तर वगळणं पटतं. तिच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. यादी जितकी लांब तितकी मुलं वाचायची थांबतात. मीच कधी पूर्ण वाचली नाही.

जुना खडू

पेजरवर मी भांडणार नाही. पण वगळण्याची सवय मला भिववते. वळणवाट, तुम्ही पहिल्याच पोस्टीत म्हणालात की शेवटच्या किरकोळ सूचना गाळल्या. त्या कोणत्या?

वळणवाट

फारसं काही नाही हो. केंद्राचा पत्ता आदल्या दिवशी बघून यावा, सोबत आलेल्या नातेवाइकांना आत घेणार नाहीत, हाताला मेंदी किंवा शाई लावू नये. असलं.

सुगरण_आई

मेंदी किरकोळ??

वळणवाट

का? मेंदीचा परीक्षेशी काय संबंध? मला वाटलं छानछोकीवर टोमणा आहे.

मधलं_बाकडं

बोटांचे ठसे घेतात ना यंत्रावर. आमच्या रांगेत एका मुलीच्या बोटांच्या टोकांना गडद मेंदी होती. चार वेळा बोट ठेवलं, घेईना. पुसलं, पुन्हा ठेवलं. शेवटी दुसऱ्या हाताच्या कोणत्या तरी बोटावर झालं, पण तोवर ती रडकुंडीला आली होती आणि मागची रांग ओरडत होती. बोटावर रंगाचा थर असला की रेषा नीट उमटत नाहीत.

वळणवाट

आणि मला आत्ता आठवलं की परीक्षेच्या पाच दिवस आधी तिच्या मामेबहिणीचं लग्न आहे.

(पुढची दहा मिनिटं मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आत्ताच भावाला फोन करून सांगितलं. वहिनी म्हणाली, मेंदीवाली सांगूनसुद्धा ठेवलीय. आता तळहाताला लावायची नाही, एवढ्यावर तडजोड झाली. बोटं पूर्ण कोरी.)

तिखटजाळ

बघा. पेजर गेला तर कुणाचं नडत नाही, मेंदी गेली असती तर नडलं असतं. आणि दोन्ही 'किरकोळ'च.

जुना खडू

आता 'सल्ला देण्यात येतो' याकडे या. इंग्रजीत सरकारी कागद नेहमी 'अॅडव्हाइज्ड' म्हणतो. तिथे तो सल्ला नसतो, तंबी असते. मराठीत 'सल्ला' वाचला की वाटतं, ऐकलं तर बरं, नाही ऐकलं तरी चालेल. त्यात तुमचं पुढचं वाक्य, 'सुरक्षिततेची हमी देता येणार नाही', म्हणजे आपल्या जबाबदारीवर नेलं तर हरकत नाही असाच अर्थ झाला. मूळ ओळ पुन्हा बघा. वस्तू बंदी आहेत, आणि शिवाय त्या ठेवायची सोय केंद्रावर असेलच असं नाही, अशा दोन गोष्टी असतील.

वळणवाट

बरोबर. आधी 'प्रतिबंधित' म्हटलंय, सापडल्यास उमेदवारी रद्द होऊ शकते असंही आहे. आणि मग सल्ल्याचं वाक्य, की अशा वस्तू केंद्रावर आणूच नयेत कारण ठेवण्याची व्यवस्था नसेल.

जुना खडू

मग दोन वाक्यं तोडा. "या वस्तू आत न्यायला बंदी आहे, सापडल्या तर परीक्षेतून काढू शकतात." आणि दुसरं, "केंद्रावर सामान ठेवायची सोय नसेल, म्हणून सोबत आणूच नका." दुसऱ्यात तिची खरी अडचण आहे. मोबाइलचं काय करणार ती? एसटीने एकटी येणार असेल तर मोबाइल लागणारच.

वळणवाट

हाच प्रश्न तिने आधी विचारला होता. भाऊ सोबत येतोय, तो बाहेर थांबेल. पण बाकीच्या दोघींपैकी एकीबरोबर कुणी नाही.

मधलं_बाकडं

मी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवतो, पैसे घेतो तो. एकदा काही तिथे नव्हतं तर कुणा अनोळखी मुलाच्या वडिलांकडे दिला. मिळाला परत, पण दीड तास पेपरमध्ये निम्मं लक्ष तिकडेच.

सुगरण_आई

तुमचा भाऊ तिघींचे ठेवू शकतो की. फक्त ते आधीच ठरवा आणि तिघींना उभं राहायची एक जागा सांगा, सुटल्यावर गर्दीत माणूस सापडत नाही. मोबाइल त्याच्याकडे म्हटल्यावर फोनही करता येणार नाही.

शब्दवेल्हाळ

दागिन्यांविषयी विचारायचे होते. 'धातूच्या वस्तू' हे अनुवाद म्हणून अचूक आहे, पण ग्रामीण मुलीला त्यातून काय कळेल? तिच्या लेखी धातूची वस्तू म्हणजे तांब्या-पितळ.

जुना खडू

हे तुम्ही फार चांगलं विचारलंत. तिथे फक्त शब्द बदलून भागत नाही, तिच्या अंगावर काय काय असतं ते आठवून नावं घ्यावी लागतात. बांगड्या, पैंजण, अंगठी, गळ्यातली चेन, कानातलं, नाकातली चमकी. मुलांच्या बाबतीत हातातलं कडं, करदोटा आणि गळ्यातला ताईत. करदोट्याला चांदीचा मणी किंवा पेटी असली की झडतीचं यंत्र वाजतं आणि पोरगं ओशाळतं. बेल्टचं बक्कलही.

वळणवाट

चमकीचा प्रश्न आहे. लहानपणापासूनची आहे, निघत नाही म्हणते.

सुगरण_आई

सोनाराकडे जा, दोन मिनिटांत काढतो. पण आदल्या दिवशी नको, नाक दुखेल. आठवडाभर आधी काढा.

मधलं_बाकडं

माझ्या बहिणीला चमकीवर चिकटपट्टी लावून सोडलं होतं.

जुना खडू

आणि मी असलेल्या एका केंद्रावर नाही सोडलं. गेटवरच्या माणसावर असतं ते, खरं सांगायचं तर. मेसेजात धातू बंद म्हटलंय, तेव्हा काढता आली तर काढावी एवढंच म्हणू शकतो. मंगळसूत्राबद्दलही दर वेळी हाच वाद होतो, गेटवर लेकी-सुना रडताना पाहिल्यात.

वळणवाट

बरं, सुधारलेला मजकूर टाकतो. बघा आता.

"गेट दुपारी १२:१५ ला, म्हणजे सव्वाबाराला बंद होणार. त्यानंतर कुणालाही, कोणत्याही कारणाने आत घेत नाहीत.

केंद्रावर सकाळी सव्वाअकरापर्यंत (११:१५) पोहोचायचं. गेटवर झडती, ओळखपत्र आणि बोटांचे ठसे यात वेळ जातो. पेपर १२:४५ ला, म्हणजे पाऊण वाजता सुरू. दीड तासाचा आहे, सव्वादोनला सुटेल.

न्यायचं: हॉलतिकिटाची प्रिंट, आणि फोटो असलेलं ओरिजिनल ओळखपत्र. झेरॉक्स चालणार नाही, मोबाइलमधला फोटोही चालणार नाही. अर्ज भरताना अपलोड केला त्याच फोटोची एक प्रत.

आत न्यायला बंदी: मोबाइल, इअरफोन, ब्लूटूथ, कोणतंही घड्याळ (साधं काट्याचंसुद्धा), हातातला फिटनेस बँड, कॅल्क्युलेटर, पैशाचं पाकीट, पर्स, बॅग, काळा गॉगल, बेल्ट, पेन-पेन्सिल, पॅड, पुस्तक, कोणताही कागद. धातूचं काहीही नको: बांगड्या, पैंजण, अंगठी, चेन, कानातलं, चमकी, कडं. सापडलं तर परीक्षेतून काढू शकतात. केंद्रावर सामान ठेवायची सोय नसेल, म्हणून सोबत आणूच नका.

हॉलतिकिटावरच्या तीन चौकटी (परिच्छेद, सही, डावा अंगठा) घरी कोऱ्याच ठेवायच्या. हॉलमध्ये सांगतील तेव्हा त्यांच्यासमोर भरायच्या.

बोटांना मेंदी किंवा शाई नको. ठसे उमटत नाहीत.

सोबत आलेल्यांना आत घेत नाहीत. केंद्र आदल्या दिवशी बघून ठेवावं."

पत्ता मराठीत कसा लिहू? कॉलेजच्या नावात 'न्यू' आहे, 'नवीन' करू?

तिखटजाळ

करा. मग ती दिवसभर 'नवीन' कॉलेज शोधत फिरेल.

जुना खडू

पत्ता आणि रोल नंबर यांना हात लावू नका. इंग्रजीत छापलेत तसेच, आकडेही इंग्रजीच. हाताने घाईत काढलेला आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. फार तर पत्त्याखाली उच्चार मराठीत लिहा, रिक्षावाल्याला सांगायला. आणि पिनकोड बघा, एकाच संस्थेची दोन-तीन कॉलेजं एका शहरात असतात.

मजकूर आता चोख आहे. पेन बंद लिहिलंत ते मेसेजात आहे ना? मग स्वयंघोषणा कशाने लिहिणार, असं ती विचारेल.

वळणवाट

आहे. 'केंद्रावर पेन दिलं जाईल' अशीही ओळ आहे. घालतो. 'पॅड' मी बोर्डाच्या सवयीने आठवून घातलं नाही हं, यादीत रायटिंग पॅड आहे.

गोठ्यावरून

मी एक सुचवू का? वेळ अर्धा तास आधीची सांगा. पोहोचायची सव्वाअकरा ऐवजी पावणेअकरा लिहा. खेड्यातून येणारं माणूस उशीर करणारच.

मधलं_बाकडं

नको काका. तिघी एकत्र आहेत, दुसरीच्या तिकिटावर सव्वाअकरा दिसणारच. मग हिला वाटेल आपली वेळ वेगळी आहे, नाहीतर काका उगाच घाबरवतात.

गोठ्यावरून

मी आमच्या पोराला नेहमी तासभर आधीचीच सांगतो. त्याला ठाऊक नाही अजून.

तिखटजाळ

आता इथे वाचलं तर कळेल.

जुना खडू

वेळ छापलेलीच लिहा. निघायची वेळ मात्र वेगळी ओळ करून सांगा. पहिली एसटी किती वाजता आणि ती चुकली तर दुसरी पोहोचते का, हे तिच्याकडूनच लिहून घ्या.

आणि पाठवल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, उत्तर 'हो' येतं. "घरातून किती वाजता निघणार आणि खिशात काय असेल?" असं विचारा.

वळणवाट

विचारलं मास्तर, काल रात्री. उत्तर ऐका. "काका, सहाची एसटी, दहापर्यंत पोहोचते. हॉलतिकीट, आधार, फोटो. घड्याळ नाही, चमकी रविवारी काढते. आणि तुमचं मराठीतलं सगळं मी हॉलतिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलंय, म्हणजे तिथे विसरायला नको."

सुगरण_आई

अय्यो!

जुना खडू

'कोणताही कागद नको' हे तिने बरोब्बर पाळलं, म्हणून तर जवळच्या कागदावरच लिहिलं. चूक माझीही आहे, हे आधी सुचायला हवं होतं. हॉलतिकिटावर छापलेल्याखेरीज काही लिहिलेलं असलं की हॉलमध्ये ते चिठ्ठी म्हणूनच पाहिलं जातं, मग मजकूर वेळापत्रकाचा का असेना. पर्यवेक्षक मराठी वाचणारा असेलच असंही नाही. ती प्रिंट बाजूला ठेवा, नवी काढा. मराठी मजकूर वेगळ्या कागदावर लिहून वडिलांच्या खिशात.

वळणवाट

सांगितलं. गोठ्यावरून भाऊ, दोन प्रिंट काढल्या होत्या तिने, त्यामुळे आजच्या आज काम भागलं. मजकुरात शेवटी एक ओळ वाढवली: "हे मराठीतलं आत न्यायचं नाही, आणि हॉलतिकिटावर मागेपुढे काहीही लिहायचं नाही."

गोठ्यावरून

म्हटलं नव्हतं!

मधलं_बाकडं

त्या एकट्या येणाऱ्या मुलीचं ठरलं का? मोबाइलचं?

वळणवाट

भाऊ ठेवतो म्हणालाय. पण तिच्या घरचे म्हणतात मोबाइल द्यायचाच नाही बरोबर, एकटी जाऊ दे. मग ती रस्ता कसा विचारणार, सुटल्यावर घरी कळवणार कसं, कुणाला माहीत. उद्या तिच्या वडिलांशी बोलतो.